चॅटवरच्या ‘एवढे होतील’चं लेखी एस्टिमेट कसं करायचं

चॅटवर भाव टाकणाऱ्या प्लंबरच्या डोक्यात ते काम बहुतेक पूर्ण असतं. खाच कुठून पाडायची, पाइप कुठल्या बाजूने न्यायचा, कुठली वस्तू आपण आणायची आणि कुठली घरमालकाने, हे त्याने भिंतीकडे बघता बघताच ठरवलेलं असतं. मेसेजमध्ये मात्र त्यातल्या दोन-तीन ओळीच उतरतात. वाचणारा उरलेली जागा आपल्या समजुतीने भरतो आणि पुढे वाद होतो तो या भरलेल्या जागेवरून.

ती जागा प्लंबरच्या तोंडून भरून घ्यायची आणि कागदावर आणायची, एवढंच लेखी एस्टिमेटचं काम. लिहिणारा कुणीही असू शकतो: नुकतीच स्वतःची कामं घेऊ लागलेला प्लंबर, त्याचा हिशेब बघणारं घरातलं कुणी, किंवा काम करून घेणारा घरमालक. पथ्य सगळ्यांना एकच. जे बोललं गेलं नाही ते स्वतःच्या अंदाजाने लिहायचं नाही, विचारायचं.

एकच काम घेऊन शेवटपर्यंत जाऊ. एका बाथरूमची भिंतीतली पाण्याची लाइन बदलायची आहे. प्लंबर बघून गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला:

“ताई, काल बाथरूम बघितलं. जुनी लाइन सगळी काढून सीपीव्हीसी टाकून देतो. ५ पॉइंट आहेत. मजुरी ४० होईल, मटेरियल ५०-६० धरा. टाइल्स थोड्या फुटतील. ३ दिवसांत करून देतो.”

भाव जागोजागी वेगळे असतात, म्हणून इथे चलन लावलेलं नाही. ४० म्हणजे नुसती ४० एककं समजा. आपल्याला बघायचंय ते आकड्यांचं एकमेकांशी असलेलं नातं.

पहिली पायरी: मेसेजमधला एकेक शब्द सुटा करा

मेसेज जसाच्या तसा कागदावर उतरवा आणि प्रत्येक शब्दासमोर प्रश्न लिहा. “जुनी लाइन सगळी” म्हणजे कुठून कुठपर्यंत? बाथरूमबाहेर पाणी बंद करण्याचा व्हॉल्व्ह असतो, तिथून सुरू की त्याच्याही मागून? हा प्रश्न साधा वाटतो, पण धोका नेमका तिथेच असतो. जुनी लाइन जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपची असेल, तर नवा पाइप जिथे तिला जोडायचा तिथले आटे गंजलेले असू शकतात. जुना व्हॉल्व्ह पान्याने फिरवायला गेलं की कधी कधी आट्यांसकट पाइपच तुटतो. मग काम बाथरूमच्या बाहेर सरकतं आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे यावर दोघं गप्प होतात. म्हणून एस्टिमेटमध्ये सुरुवातीची जागा बोट ठेवून दाखवता येईल अशी लिहायची: “बाथरूमच्या दाराबाहेरील व्हॉल्व्हपासून पुढे. व्हॉल्व्ह नवा बसवणार. व्हॉल्व्हच्या मागची लाइन यात नाही.”

“काढून” या शब्दाचंही तसंच आहे. भिंतीतला जुना पाइप पूर्ण उपसून काढायचा तर भिंत दुप्पट फुटते. बरेच प्लंबर जुना पाइप भिंतीतच ठेवतात, दोन्ही टोकं बुच लावून बंद करतात आणि नव्या लाइनसाठी वेगळी खाच पाडतात. पद्धत म्हणून यात काही गैर नाही. पण घरमालकाच्या मनात “काढून” म्हणजे खरोखरच काढून असं असेल, तर त्याला वाटणार की कामात चोरी झाली. आपल्या उदाहरणातल्या प्लंबरला विचारल्यावर तो म्हणाला, “नाही हो, आतच राहील. बंद करून टाकतो.” हेच वाक्य एस्टिमेटमध्ये जाईल.

आणि “लाइन” म्हणजे येणारं पाणी की जाणारंही? बोलताना प्लंबर दोन्हीला लाइनच म्हणतो. इथे त्याला फक्त थंड आणि गरम पाण्याची लाइन म्हणायचं होतं. सांडपाण्याचे पाइप आणि जाळी यात नाहीत. एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ हवीच.

दुसरी पायरी: पॉइंट मोजायचे की टोकं

मजुरीतला सगळ्यात निसरडा शब्द म्हणजे पॉइंट. बरेच प्लंबर मजुरी पॉइंटवर सांगतात, आणि पॉइंट कशाला म्हणायचं हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. बेसिनला थंड आणि गरम अशी दोन टोकं येतात. कुणी त्याला एक पॉइंट धरतं, कुणी दोन. गीझरला एक पाइप आत जातो, एक बाहेर येतो. शॉवरच्या मिक्सरचा हिशेब तर आणखी वेगळा.

आपल्या मेसेजमधले ५ पॉइंट असे निघाले: बेसिन, गीझर, फ्लशची टाकी, भिंतीत बसणारा शॉवर मिक्सर आणि वरचा शॉवर. आता टोकं मोजू. बेसिनची २, गीझरची २, टाकीचं १. मिक्सरला गरम येतं, थंड येतं आणि मिसळलेलं पाणी वर जातं, म्हणजे ३. वरच्या शॉवरचं १. एकूण ९. पाच पॉइंट आणि नऊ टोकं, दोन्ही बरोबर आहेत. पण घरमालकाने दुसऱ्या प्लंबरला विचारलं आणि तो म्हणाला “९ पॉइंट होतील”, तर हा पहिला स्वस्त आहे की त्याने काही सोडलंय, हे तिला कळायला मार्ग नाही.

म्हणून एस्टिमेटमध्ये पॉइंटची संख्या लिहू नका, किंवा लिहिली तर तिच्यावर भिस्त ठेवू नका. प्रत्येक जागेचं नाव लिहा आणि पुढे थंड, गरम किंवा मिश्र असं टोक लिहा. माझ्या मते सबंध एस्टिमेटमध्ये सगळ्यात उपयोगाचं हेच. नंतर मटेरियल मोजतानाही हीच नऊ टोकं कामाला येतात.

गीझर जुनाच राहणार असेल तर तो उतरवून पुन्हा टांगणं मजुरीत आहे का, हे याच वेळी विचारून घ्या. आपल्या प्लंबरने ते धरलं होतं, पण वायरचं काम धरलेलं नव्हतं.

तिसरी पायरी: मटेरियल मोजून लिहा, आणि “५०-६०” कुठून आलं ते शोधा

“मटेरियल ५०-६० धरा” हे वाचून घरमालक मनात ५० धरतो आणि प्लंबर ६०. दोन आकड्यांमधली ही दहाची दरी सगळ्या वस्तूंवर सारखी पसरलेली असते असं नाही. बहुतेक वेळा ती एखाद्याच वस्तूत लपलेली असते. प्लंबरला सरळ विचारा, “कशामुळे वर-खाली होईल?” आपल्या प्लंबरचं उत्तर होतं, “मिक्सर कुठला घेताय त्यावर आहे. १२ पासून २२ पर्यंत मिळतो.” म्हणजे बाकीचं मटेरियल ३८, आणि ते हलत नाही. मिक्सर स्वस्त घेतला तर ५०, महाग घेतला तर ६०. उलगडा झाला.

आता कागदावर ५०-६० लिहायचं कारणच उरलं नाही. ३८ पक्के लिहायचे आणि मिक्सर वेगळ्या ओळीत, घरमालकाच्या पसंतीचा, घरमालकाने आणायचा.

तो ३८ चा आकडाही मोजमापावर उभा असला पाहिजे. टेप घेऊन प्रत्यक्ष मार्ग मोजला तेव्हा २० मिलिमीटरचा पाइप, म्हणजे मुख्य थंड आणि गरम लाइन, ७.८ मीटर भरली. टोकांकडे जाणाऱ्या १५ मिलिमीटरच्या फांद्या ५.२ मीटर. कापताना तुकडे वाया जातात, त्यासाठी दहा टक्के वर धरले तर ८.५८ आणि ५.७२. पण पाइप मीटरवर कापून मिळत नसेल तर अख्खी लांबी घ्यावी लागते. तीन मीटरची लांबी धरली तर पहिल्याच्या ३ आणि दुसऱ्याच्या २, म्हणजे ९ मीटर आणि ६ मीटर. एस्टिमेटमध्ये लांब्यांची संख्या लिहा. नाहीतर घरमालक भिंतीतला पाइप मोजून विचारेल की १३ मीटरला १५ मीटरचे पैसे कसे, आणि तो विचारणारच.

पाइपचं नुसतं नाव पुरत नाही. “सीपीव्हीसी” लिहिलं की गरम पाण्याला चालणारा पाइप एवढं ठरतं. साधा यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, तेव्हा हा शब्द “प्लॅस्टिक पाइप” असा मोघम होऊ देऊ नका. पण सीपीव्हीसीमध्येही जाडीचे वर्ग असतात. पाइपवर एसडीआर ११ किंवा एसडीआर १३.५ असं छापलेलं दिसतं. हा आकडा म्हणजे पाइपचा बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी. आकडा लहान तेवढा पाइप जाड आणि जास्त दाब सोसणारा. दोन एस्टिमेटमध्ये पाइपच्या भावात फरक दिसला तर आधी हा आकडा ताडून बघा. कंपनीचं नाव लिहायचं असेल तर जरूर लिहा, आणि पुढे “ती न मिळाल्यास त्याच वर्गाची दुसरी, विचारून” असं जोडा.

जोडकामाच्या वस्तूंत महाग असतात त्या पितळी आट्यांच्या. जिथे नळ किंवा कॉक फिरवून बसवायचा त्या प्रत्येक टोकाला एक लागते, म्हणजे आपल्या नऊ टोकांना नऊ: भिंतीतून बाहेर येणाऱ्या सहा टोकांना पितळी आट्यांचे एल्बो आणि मिक्सरच्या अंगाला तीन अडॅप्टर. या मोजून लिहा. साधे एल्बो, टी, कपलर हे एकत्र लिहिले तरी चालतं. ते नगावर लिहायला लागलं तर यादी पानभर होते आणि कुणी वाचत नाही. टेप, क्लॅम्प आणि सॉल्व्हंट सिमेंट हीही एक ओळ. सिमेंट मात्र सीपीव्हीसीचंच लिहा, कारण पीव्हीसीसाठीचा डबा वेगळा असतो आणि घाईत हाताला लागेल तो वापरला जातो.

घरमालकाने आणलेल्या वस्तूबद्दल एक वाक्य हवंच. मिक्सरमध्येच दोष निघाला तर वस्तूची जबाबदारी प्लंबरची नाही. पण ती पुन्हा काढून बसवण्याची मजुरी लागेल की नाही, हे आधी ठरवा. आणि मिक्सर पहिल्याच दिवशी कामावर हजर पाहिजे. भिंतीत बसणाऱ्या मिक्सरच्या अंगावर किमान आणि कमाल खोलीच्या खुणा असतात, आणि तयार टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांमध्ये यावा लागतो. वस्तू हातात नसताना खाच किती खोल घ्यायची हे कळत नाही. “मिक्सर नंतर बघू” असं घरमालक म्हणाला तर तारीखही नंतरच द्यायची.

चौथी पायरी: मजुरी कुठे संपते

“टाइल्स थोड्या फुटतील” हे मेसेजमधलं सगळ्यात महाग वाक्य आहे. टाइल फोडणं प्लंबरच्या कामात येतं, पण पुन्हा बसवणं? ती नवी टाइल कुणाची? जुन्या रंगाची शिल्लक टाइल घरात नसेल तर जुळणारी मिळेलच याची खात्री नसते, आणि मग एका पट्टीपायी अख्खी भिंत करावी लागते. प्लंबरला याचा भाव सांगता येणार नाही आणि त्याने सांगूही नये. त्याने सांगायचं ते एवढंच: खाच कुठल्या भिंतीवर, साधारण किती लांब आणि किती रुंद पडेल, आणि टाइल बसवणं आपल्याकडे नाही.

शॉवरच्या भिंतीत खाच पडली की टाइलमागचा वॉटरप्रूफिंगचा थर असेल तोही तुटतो. खाच सिमेंटने बुजवली म्हणजे तो थर परत जुळला असं होत नाही. बहुतेक चॅटमध्ये याचा उल्लेखही नसतो. काही महिन्यांनी शेजारच्या भिंतीला ओल दिसते आणि दोष पाइपच्या सांध्यावर येतो, सांधा कोरडा असला तरी. तेव्हा वॉटरप्रूफिंगची दुरुस्ती कोण करणार हे नाव घेऊन लिहा. आपल्या प्लंबरने खाच बुजवणं स्वतःकडे ठेवलं आणि वॉटरप्रूफिंग व टाइल घरमालकाच्या मिस्त्रीकडे दिलं.

आता “३ दिवसांत” बघू. पहिल्या दिवशी खाच पाडून पाइप टाकला. सॉल्व्हंट सिमेंट सुकायला डब्यावर लिहिलेला वेळ द्यावा लागतो, मग तपासणी, मग खाच बुजवणं. हे दोन दिवस झाले. तिसरा दिवस मिक्सरची बाहेरची प्लेट, कॉक, बेसिनचे नळ बसवण्याचा. पण ते टाइल लागून सुकल्यावरच बसतात! म्हणजे मेसेजमधले तीन दिवस सलग नाहीतच. दोन दिवस, मध्ये टाइलवाल्याचे जेवढे लागतील तेवढे, आणि मग एक दिवस. प्लंबरला हे ठाऊक असतं, त्याला तीन दिवसांची मजुरी म्हणायची असते. घरमालक मात्र चौथ्या दिवशी अंघोळीची वाट बघत असतो.

म्हणून मजुरीचे दोन टप्पे करा. पहिली फेरी ३०, दुसरी फेरी १०, मिळून तेच ४०. याहून बारीक तुकडे करू नयेत असं मला वाटतं. खाच इतकी, जोडणी इतकी, बुजवणं इतकं असं लिहिलं की घरमालक त्यातली एखादी ओळ खोडून दाखवतो, आणि प्लंबरने तर तो हिशेब तसा केलेलाच नसतो. दोन फेऱ्यांची फोड मात्र खरी आहे. दुसरी फेरी लांबली किंवा ते काम दुसऱ्याकडून करून घेतलं, तर किती पैसे द्यायचे ते तिच्यावरून कळतं.

पाचवी पायरी: तपासणी लिहून ठेवा

भिंत बंद होण्याआधी लाइनची दाबाची तपासणी होते. सर्वसाधारणपणे कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन दाबाच्या मीटरचा काटा धरून राहतो का ते बघतात. एस्टिमेटमध्ये तीन गोष्टी हव्यात: तपासणी खाच उघडी असताना होईल, घरमालकाला बोलावलं जाईल, आणि काटा उतरला तर दुरुस्ती व पुन्हा तपासणी प्लंबरच्या खर्चाने. तपासणी पाण्याने करायची. प्लॅस्टिकच्या पाइपात हवा दाबून तपासू नये, कारण सांधा सुटला तर तुकडे उडून इजा होते. तपासणीच्या वेळी गीझर जोडलेला नसावा, त्याची टाकी तेवढ्या दाबासाठी बनवलेली असेलच असं नाही. लाइनमध्ये हवा राहिली असेल तर गळती नसतानाही काटा डुगडुगतो, तेव्हा आधी प्रत्येक टोकातून हवा काढून घ्यायची. हे सगळं प्लंबरला माहीत असतं. पण लिहिलं की पैशाचा टप्पाही त्याला बांधता येतो.

सहावी पायरी: भिंतीच्या आत जे दिसत नाही त्याचा दर

भिंत उघडल्यावर काय निघेल हे कुणालाच सांगता येत नाही. खाचेच्या वाटेत बीम लागला तर पाइप वळवावा लागतो. व्हॉल्व्हमागचा पाइप कुजलेला निघतो. त्यासाठी प्लंबर गुपचूप भाव वाढवून ठेवतो किंवा नंतर “वाढलं ताई” म्हणतो, आणि दोन्ही वाईट. त्यापेक्षा जादा कामाचा दर आधीच लिहावा. आपल्या उदाहरणात जादा लाइनला, पाइप आणि मजुरी धरून, मीटरला ३. आणि त्यापुढे एक अट: जादा काम सुरू करण्याआधी प्लंबर थांबेल, फोटो पाठवेल, किती मीटर ते सांगेल आणि लेखी होकार आल्यावरच पुढे जाईल. होकार चॅटवर आला तरी चालेल.

सातवी पायरी: मुदत

मटेरियलचे भाव हलतात, त्यातही पितळ आणि प्लॅस्टिकचे. मजुरी तितक्या झपाट्याने हलत नाही. म्हणून दोन्हींना एकच मुदत लावण्याची गरज नाही. “१५ दिवस वैध” असं लिहू नका, कारण पंधरा दिवस एस्टिमेट लिहिल्यापासून की मिळाल्यापासून यावर वाद होतो. तारीख लिहा. मुदत कशाची तेही लिहा: होकार देण्याची, की काम सुरू होण्याची? २५ तारखेला होकार दिला आणि भिंत दोन महिन्यांनी फोडायला सांगितली, तर मटेरियलचा भाव तोच कसा राहील? त्यावर साधा तोडगा असा, की मुदतीच्या आत होकार आणि मटेरियलची रक्कम दोन्ही मिळाली तर तो भाव पक्का.

रक्कम पक्की आहे की अंदाजे, हेही इथेच स्पष्ट करा. वर “एस्टिमेट” लिहून घरमालकाने ती अंतिम रक्कम समजणं आणि प्लंबरने कच्चा अंदाज समजणं हे फार वेळा घडतं.

सगळं जुळवल्यावर

आता तोच मेसेज असा दिसतो. पुढची तारीख आणि क्रमांक उदाहरणादाखल आहेत.

एस्टिमेट क्र. १४, आवृत्ती १. तारीख १० जून. जागेची पाहणी ८ जून. (इथे दोघांची नावं, पत्ता, फोन.)

काम: एका बाथरूमची थंड व गरम पाण्याची भिंतीतील लाइन नवी टाकणे. सुरुवात दाराबाहेरील व्हॉल्व्हपासून; व्हॉल्व्ह नवा. टोके: बेसिन थंड व गरम, गीझर आत व बाहेर, फ्लश टाकी थंड, शॉवर मिक्सर थंड, गरम व वर जाणारे, वरचा शॉवर. एकूण ९. जुना पाइप भिंतीतच राहील, दोन्ही टोके बंद करू. गीझर उतरवणे व परत बसवणे, खाच पाडणे व सिमेंटने बुजवणे, खाच उघडी असताना घरमालकाला बोलावून दाबाची तपासणी, काटा उतरल्यास प्लंबरच्या खर्चाने दुरुस्ती व पुन्हा तपासणी, आणि टाइल सुकल्यावर नळ, कॉक व मिक्सरची प्लेट बसवणे यात धरले आहे.

यात नाही: व्हॉल्व्हमागची लाइन, सांडपाण्याचे पाइप, घरमालकाच्या मिस्त्रीकडचे वॉटरप्रूफिंग व टाइल, रंग, वायरचे काम, गीझरची दुरुस्ती. राडारोडा पिशव्यांत भरून दाराशी ठेवू. पुढे नेणे घरमालकाकडे.

मटेरियल, प्लंबरकडून: सीपीव्हीसी पाइप एसडीआर ११, २० मिलिमीटर, ३ मीटरच्या ३ लांब्या, आणि १५ मिलिमीटर, २ लांब्या: ८. पितळी आट्यांचे जोड ९ नग: १२. इतर जोड: ५. बॉल व्हॉल्व्ह १ व अँगल कॉक ५: ९. सीपीव्हीसीचे सॉल्व्हंट सिमेंट, टेप, क्लॅम्प: ४. एकूण ३८.

मटेरियल, घरमालकाकडून: शॉवर मिक्सर, वरचा शॉवर, बेसिनचा नळ, जोडनळ्या. मिक्सर पहिल्या दिवशी सकाळी जागेवर हवा. या वस्तूंत दोष निघाल्यास बदलण्याची मजुरी वेगळी.

मजुरी: पहिली फेरी, २ दिवस: ३०. दुसरी फेरी, १ दिवस, टाइल सुकल्याचे कळवल्यावर: १०. एकूण ४०.

एकूण: ७८, कर धरून. वर लिहिलेल्या कामासाठी ही रक्कम पक्की. जादा लाइन मीटरला ३, लेखी होकारानंतरच.

पैसे: होकारासोबत ३८, तपासणी झाल्यावर ३०, दुसरी फेरी संपल्यावर १०.

मुदत: २५ जूनपर्यंत होकार व पहिली रक्कम मिळाल्यास मटेरियलचा भाव हाच. मजुरी १० जुलैपर्यंत सुरू होणाऱ्या कामासाठी हीच. त्यानंतर नवी आवृत्ती.

“कर धरून” हे दोन शब्द प्लंबरला विचारल्याशिवाय लिहू नका. त्याने कर धरला नसेल तर “कर वेगळा” असं लिहा. पैशाच्या टप्प्यांबद्दल फार बोलायला नको, फक्त प्रत्येक टप्पा डोळ्यांनी दिसणाऱ्या घटनेला बांधा. “अर्धं काम झाल्यावर” हा टप्पा कधी येतो ते कुणी सांगू शकत नाही. तपासणी झाली की नाही ते मात्र दोघांनाही दिसतं.

पाठवण्याआधी आणि नंतर

कच्चा मसुदा आधी प्लंबरने वाचायचा. लिहिणारा दुसरा कुणी असेल तर मोठ्याने वाचून दाखवा. कागदावरचं कळायला वेळ लागतो, पण ऐकताना तो लगेच म्हणतो, “थांबा, टाकीचा कॉक मी धरलाच नव्हता.” अशी एखादी दुरुस्ती निघाली तर मसुद्याचं काम झालं. एकही निघाली नाही तर त्याने खरंच ऐकलं का, ते पुन्हा बघा.

मग घरमालकाला पाठवा, आणि होकार क्रमांकासहित मागा: “क्र. १४, आवृत्ती १ मान्य.” नुसता अंगठा नको. चॅटमध्ये तो कुठल्या मेसेजला दिला होता हे नंतर शोधत बसावं लागतं.

होकाराऐवजी बदल आला तर? समजा ताईंनी कळवलं, “कपडे धुण्याच्या मशीनसाठी एक थंड नळही काढून द्या.” टाकीच्या फांदीपासून मोजलं तर २ मीटर लाइन भरते. मीटरला ३ प्रमाणे ६, शिवाय पितळी एल्बो आणि कॉक मिळून ३. एकूण ९ वाढले, म्हणजे ७८ चे ८७. पैशाच्या टप्प्यांतही ते वाढवायला हवेत, नाहीतर शेवटच्या दिवशी ते ९ कुठल्या हप्त्यातले यावर बोलणं होतं. कागदावर आवृत्ती २ लिहा, टोकांच्या यादीत दहावं टोक जोडा, आणि आवृत्ती १ रद्द असं स्पष्ट लिहून पाठवा. हा भाव खाच उघडी असतानाचा आहे. भिंत बुजवून टाइल लागल्यावर हाच नळ मागितला तर पुन्हा टाइल फोडणं, वॉटरप्रूफिंग, मिस्त्री हे सगळं मागोमाग येतं. त्याचं वेगळं एस्टिमेट, वेगळ्या क्रमांकाचं.